‘पश्यताम्’ आणि ‘जीवति’ : आख्यानकाव्यातील सति सप्तमी व अनादरषष्ठी

संस्कृत व्याकरणाच्या प्राथमिक पुस्तकांत सति सप्तमी आणि अनादरषष्ठी यांची वाटणी फार सुटसुटीत केलेली असते. एका क्रियेच्या वेळी दुसरी क्रिया घडली एवढेच सांगायचे असेल तर सप्तमी, आणि पहिल्या क्रियेच्या कर्त्याची पर्वा न करता दुसरी क्रिया घडली असे सुचवायचे असेल तर षष्ठी. पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी हेच सूत्र मनात बाळगून महाभारताकडे वळतो आणि तेथे त्याची पंचाईत होते. युद्धपर्वांत पानोपानी येणाऱ्या षष्ठीमध्ये पुष्कळदा अनादर सापडत नाही, तर जेथे अर्थात अनादर उघड दिसतो तेथे कधी कधी सप्तमी आलेली असते. अशा वेळी ‘आर्ष प्रयोग’ म्हणून सुटका करून घेण्याची सवय बरीच रूढ आहे. परंतु ज्या स्थळी कवीने या दोन्ही रचना एकाच व्यक्तीच्या दुःखाविषयी, एकामागोमाग एक योजिल्या आहेत, त्या स्थळाकडे नीट पाहिले तर विभक्तीच्या निवडीत काय काय गुंतलेले असते याचा पुष्कळ उलगडा होतो. असे एक स्थळ उद्योगपर्वातील द्रौपदीच्या भाषणात आहे. प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्या भाषणातील तीन-चार श्लोकांपुरते मर्यादित आहे.

प्रथम पाणिनीने काय सांगितले आहे ते पाहणे इष्ट. अष्टाध्यायीतील २.३.३७ या सूत्राप्रमाणे ज्याच्या क्रियेने दुसरी क्रिया लक्षित होते, म्हणजे तिची वेळ वा प्रसंग ओळखता येतो, त्याच्या वाचक शब्दाला सप्तमी होते. काशिकावृत्तीतील उदाहरण गाईंचे आहे : गाई दोहल्या जात असताना तो गेला, दोहल्या गेल्यावर परत आला. जाण्यायेण्याची वेळ येथे दोहनावरून कळते. गाईंना त्या जाण्याचे सोयरसुतक नाही. लगेच पुढील २.३.३८ या सूत्रात अनादर गम्यमान असेल तर षष्ठी सांगितली आहे. पण त्या सूत्रात एक ‘च’कार आहे, आणि पाठ्यपुस्तकांत नेमका तोच गळून पडतो. चकारामुळे अनादराच्या अर्थी षष्ठीबरोबर सप्तमीही होते. काशिकेने त्यासाठी रडणाऱ्याला न जुमानता प्रव्रज्या घेणाऱ्याचे उदाहरण दिले आहे आणि ‘रुदतः’ व ‘रुदति’ अशी दोन्ही रूपे मान्य केली आहेत. म्हणजे षष्ठी आली की अनादर समजावा, हे सूत्राला धरून म्हणता येईल. मात्र अनादर असेल तेथे षष्ठीच हवी, असे पाणिनी कोठेच म्हणत नाही. ‘सप्तमी काळाची आणि षष्ठी अनादराची’ ही काटेकोर वाटणी पाणिनीची नव्हे, ती अध्यापनाच्या सोयीतून आलेली आहे.

दोन्ही रचनांना एक अट समान आहे. ज्याला ही विभक्ती होते तो मुख्य वाक्यात कर्ता, कर्म इत्यादी दुसऱ्या कोणत्याही नात्याने गुंतलेला नसावा. युद्धपर्वांच्या आरंभांची तुलना केली की ही अट चटकन ध्यानात येते. कर्णपर्वाच्या आरंभी द्रोण सप्तमीत आहे आणि त्याच्याशी ‘हते’ हे भूतकालवाचक धातुसाधित जोडलेले आहे. पुढची क्रिया दुर्योधनादी राजांची आहे आणि द्रोणाला तीत स्थान नाही. शल्यपर्वाच्या आरंभी कर्ण त्याच रीतीने ‘निपातिते’सह सप्तमीत येतो. द्रोणपर्वाच्या आरंभी मात्र भीष्माचे पतन सांगायचे असूनही ‘देवव्रत’ हा शब्द द्वितीयेत आहे, कारण तेथे ‘श्रुत्वा’ हे पद आहे आणि मारला गेलेला देवव्रत हा धृतराष्ट्राच्या ऐकण्याचा विषय, म्हणजे कर्म, झाला आहे. घटना त्याच जातीची, सेनापतीचा पाडाव; पण वाक्यात त्याला जागा मिळताच सति सप्तमीचे प्रयोजन उरले नाही. कर्ण आणि शल्य या पर्वांच्या आरंभी सप्तमी एखाद्या बिजागरीसारखे काम करते : मागील पर्वाचा नायक एका शब्दात मागे सारला जातो आणि रंगभूमी पुढच्यासाठी मोकळी होते. आख्यानकाव्यात सति सप्तमीचा सर्वांत मोठा वाटा हाच आहे आणि त्याविषयी वाद नाही. वाद सुरू होतो तो धातुसाधित वर्तमानकालवाचक असते तेव्हा, म्हणजे पहिली क्रिया संपलेली नसून दुसरीच्या बरोबरीने चाललेली असते तेव्हा.

आता द्रौपदीचे भाषण. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ते उद्योगपर्वाच्या ८०व्या अध्यायात आहे; या पर्वाचे संपादन सुशीलकुमार डे यांनी केले. श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास निघण्याच्या बेतात आहे. युधिष्ठिर संधीची भाषा बोलतो यात नवल नाही, पण भीमही या वेळी मवाळ झालेला आहे. सहदेव आणि सात्यकी तेवढे युद्धाच्या बाजूने बोलले आहेत. त्यानंतर द्रौपदी बोलू लागते. द्यूतसभेची हकीकत श्रीकृष्णाला ठाऊक आहे, तेव्हा तिला काही नवे कळवायचे नाही. तिला जाब विचारायचा आहे, आणि तो कोणाकोणाला विचारायचा हे तिच्या वाक्यातील विभक्तींतून ठरत जाते.

मूळ तक्रारीकडे येण्यापूर्वी ती आपली नाती सांगते. द्रुपदराजाची ती कन्या, धृष्टद्युम्नाची भगिनी, कृष्णाची प्रिय सखी, पांडूची स्नुषा, पांडुपुत्रांची महिषी. ही नाती सांगताना संबंधषष्ठी वापरणे स्वाभाविकच आहे : ‘द्रुपदराजस्य’, ‘धृष्टद्युम्नस्य’, ‘तव’, ‘पाण्डोः’, ‘पाण्डुपुत्राणाम्’. या षष्ठ्यंत पदांना ‘सुता’, ‘भगिनी’, ‘सखी’, ‘स्नुषा’, ‘महिषी’ अशी एकेक प्रथमान्त पदे मिळाली आहेत. येथवर वाचणाऱ्याच्या कानाला एक सवय लागते : षष्ठी आली की पुढे-मागे नाते सांगणारे नाम येणार. त्यानंतर अल्पावधीतच ‘पाण्डुपुत्राणाम्’ हे अक्षरशः तेच रूप पुन्हा येते. मात्र या खेपेस त्याला कोणतेही नाम मिळत नाही. त्याच्या आधी ‘पश्यताम्’ आहे, आणि मुख्य वाक्य द्रौपदीविषयी आहे : केस धरून ओढली गेलेली, छळली गेलेली, सभेत नेली गेलेली ‘ती मी’.

हेच पद आधी ‘महिषी’शी जोडले गेले होते, तर आता ते कशाशीही जोडले जात नाही. अन्वय लावताना विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. पांडुपुत्रांची काय, असे तो शोधू लागतो आणि जवळच ‘सभा’ हा शब्द असल्याने ‘पांडुपुत्रांची सभा’ असा अर्थ करून मोकळा होतो. तो अर्थ प्रसंगाला धरून नाही, कारण सभा कौरवांची आहे. शिवाय ‘पश्यताम्’ हे धातुसाधित अधांतरी राहते. षष्ठ्यंत नामाबरोबर त्याच लिंगवचनविभक्तीतील धातुसाधित असेल आणि ‘कोणाचे काय’ या प्रश्नाला वाक्यात उत्तर मिळत नसेल, तर ती षष्ठी निरपेक्ष समजावी, ही ओळखण्याची खूण होय. याच्या उलट उदाहरण पुढील श्लोकातच आहे. तेथे ‘पापानाम्’ ही षष्ठी आहे, पण तिला ‘दासी’ हा शब्द मिळालेला आहे. ती पाप्यांची दासी झाली. नात्यांची जी मालिका ‘द्रुपदाची कन्या’ येथून सुरू झाली, ती ‘पाप्यांची दासी’ येथे येऊन संपते, आणि या मालिकेच्या मधोमध एकाच षष्ठीला नाते उरलेले नाही, ती पतींची. कवीने हे जाणूनबुजून साधले की बोलण्याच्या ओघात साधले गेले, याचा निर्णय करता येणार नाही. परंतु ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम नाकारण्याचेही कारण नाही.

आता प्रश्न असा की ‘पश्यताम्’ येथे षष्ठी का? वृत्तासाठी षष्ठी आली असेल, ही शंका प्रथम निवारली पाहिजे, कारण श्लोकबद्ध ग्रंथात विभक्तीचा अर्थ लावताना हीच शंका सर्वांत अधिक उपेक्षिली जाते. अनुष्टुभाच्या प्रचलित घडणीत प्रत्येक चरणाचे पाचवे अक्षर लघू आणि सहावे गुरू असते. सातवे अक्षर विषम चरणात गुरू तर सम चरणात लघू असते. ‘पश्यताम्’ आणि ‘पाण्डुपुत्राणाम्’ ही दोन पदे मिळून आठ अक्षरांचा एक विषम चरण भरतात. आता त्यांच्या जागी सप्तमी घालून पाहावी : ‘पश्यत्सु पाण्डुपुत्रेषु’. अक्षरे आठच राहतात. पाचवे ‘ण्डु’ लघू, सहावे ‘पु’ पुढील संयुक्ताक्षरामुळे गुरू, सातवे ‘त्रे’ गुरू. चरण निर्दोष आहे. म्हणजे वृत्ताने कवीला येथे भाग पाडलेले नाही. दोन्ही दारे उघडी असताना तो षष्ठीच्या दाराने गेला आहे.

त्याच श्लोकाच्या शेवटच्या चरणात श्रीकृष्णाविषयी मात्र सप्तमी आहे : ‘त्वयि’ आणि ‘जीवति’. तू जिवंत असताना. येथेही तीच परीक्षा करता येते. ‘जीवतस्तव केशव’ असा षष्ठीचा चरण रचून पाहिला तर त्याचीही अक्षरे आठ भरतात. पाचवे ‘व’ लघू, सहावे ‘के’ गुरू, सातवे ‘श’ लघू, म्हणजे सम चरणाच्या नियमात तो चपखल बसतो. तेव्हा एकाच अर्ध्या श्लोकात कवीने पतींना षष्ठी आणि कृष्णाला सप्तमी दिली, आणि दोन्ही ठिकाणी उलट करणे त्याला शक्य होते. या भेदाला अर्थाचाच आधार असला पाहिजे.

तो अर्थ दोन्ही क्रियांच्या जातीत शोधावा लागेल. जिवंत असणे ही स्थिती आहे. तिला विषय लागत नाही आणि सभेतील घटनेकडे ती वळलेली नाही. कृष्ण त्या वेळी सभेत नव्हताच. तो शाल्वाशी युद्धात गुंतला होता हे वनपर्वात त्याच्याच तोंडून सांगितलेले आहे. त्याच्या असण्याने घटनेचा काळ लक्षित होतो, आणि त्या काळात असे घडावयास नको होते, हे अनुक्त राहते. पाहणे ही क्रिया मात्र घटनेकडे वळलेली आहे. पांडव जे पाहत होते तेच मुख्य वाक्यात घडत होते; मुख्य क्रिया ही त्यांच्या पाहण्याचा विषय आहे. अशा रीतीने पाहणारा घटनेशी आधीच बांधला गेलेला असतो, आणि षष्ठी ही मूलतः संबंधाची विभक्ती. पाणिनीनेही २.३.५० मध्ये इतरत्र न सांगितलेल्या संबंधमात्रासाठी तीच राखून ठेवली आहे. घटनेशी ज्याचा संबंध पोहोचतो, ज्याचा तीवर काही हक्क चालायला हवा होता आणि चालला नाही, त्याला षष्ठी, असे या स्थळापुरते म्हणता येते. ‘अनादर’ हा शब्द वैयाकरणांनी याच चालू न शकलेल्या हक्कासाठी वापरला असावा, असे समजल्यास त्याचा अर्थ अधिक सुबोध होतो. पांडवांचा अपमान झाला, इतकेच द्रौपदी म्हणत नाही. त्यांचे पाहणे हिशेबात धरले गेले नाही, असे ती म्हणते. ज्याचे पाहणे हिशेबात धरले जात नाही अशा पतीचे पतीपण कोठे राहिले, हा प्रश्न त्या षष्ठीतच आहे.

कृष्णाला षष्ठी दिली असती तर त्यालाही या उपेक्षितांच्या पंक्तीत बसवल्यासारखे झाले असते. शिष्टाईला निघालेल्या सख्याशी बोलताना द्रौपदी ते करीत नाही. तिचा कृष्णावरचा आरोप वेगळा आहे आणि तो सप्तमीच्या आड राहून येतो. येथे सप्तमी केवळ कालवाचक आहे असे म्हणता येत नाही, हेही याच ठिकाणी नोंदवले पाहिजे. ‘तू जिवंत असताना’ याचा गर्भितार्थ ‘असूनसुद्धा’ हाच आहे. विरोधाची ही छटा सप्तमीला नेहमीच घेता येते. ती शब्दात नसते, दोन क्रिया शेजारी ठेवल्या की त्यांच्या विसंगतीतून उमटते.

पण या भेदाचा नियम करून टाकण्याची घाई नको. लगेच पुढच्या श्लोकात ‘जीवत्सु’ हे सप्तमीचे रूप कौरवेय, पांचाल आणि वृष्णी या तिघांना मिळून लागते. यांपैकी पांचाल व वृष्णी सभेत नव्हते हे खरे. परंतु कुरुकुलातील वृद्ध तर सभेत बसून सारे पाहत होते. ‘प्रत्यक्षदर्शी असेल त्याला षष्ठी, दूरस्थाला सप्तमी’ असा नियम केल्यास तो येथे मोडतो. शिवाय वृत्ताचे कारणही आड येते. ‘वृष्णिषु’ हे पद सम चरणाच्या अखेरीस आहे. तेथे सातवे अक्षर लघू हवे, आणि ‘वृष्णिषु’मध्ये ते तसे आहे. षष्ठीचे ‘वृष्णीनाम्’ त्या जागी बसणार नाही, कारण त्यातील ‘ष्णी’ दीर्घ आहे. तिघांची मोट एकाच विभक्तीत बांधायची आणि वृष्णींना चरणाच्या शेवटी ठेवायचे, तर सप्तमीखेरीज गत्यंतर नव्हते. तेव्हा या श्लोकातील सप्तमीवरून कोणताही सूक्ष्म अर्थ काढू नये, हेच बरे.

याच्या पुढचा श्लोक अधिक मोहात पाडणारा आहे. तेथे पांडव पुन्हा येतात, पुन्हा पाहत असतात, पण या खेपेस सप्तमीत : ‘प्रेक्षमाणेषु पाण्डुषु’. त्यांच्याशी ‘निरामर्ष’ आणि ‘अचेष्ट’ ही आणखी दोन विशेषणे त्याच विभक्तीत आहेत. संताप नसलेले, हालचाल न करणारे, नुसते बघणारे पांडव. अशा वेळी तिने मनोमन गोविंदाचा धावा केला. तीच माणसे, तीच क्रिया, तोच प्रसंग, आणि विभक्ती बदललेली. येथे एखाद्या रसिक टीकाकाराला असे म्हणावेसे वाटेल की आधीच्या श्लोकात पांडव साक्षीदार होते, त्यांचा घटनेशी संबंध होता; आता ते इतके निश्चेष्ट झाले की द्रौपदीच्या लेखी ते गाईंच्या दोहनाप्रमाणे नुसती वेळ दाखवणारी परिस्थिती होऊन बसले. कल्पना आकर्षक आहे. परंतु वृत्ताची परीक्षा लावली की तिचा जोर ओसरतो. ‘पाण्डुषु’ हे सम चरणाच्या शेवटी आहे आणि ‘पाण्डूनाम्’ तेथे चालत नाही. ‘निरामर्षाणाम्’ व ‘अचेष्टानाम्’ ही दोन पदे संधी करूनही एका चरणात मावत नाहीत, अक्षरे नऊ होतात. ‘पाण्डूनां प्रेक्षमाणानाम्’ असे क्रम उलटून विषम चरण साधता आला असता हे खरे, पण मग ती दोन विशेषणे अन्यत्र बसवावी लागली असती. कवीला विशेषणे हवी होती. त्यासाठी त्याने सप्तमी घेतली, असे मानणे सर्वांत सरळ. आणि अर्थाचे नुकसान झाले नाही, कारण जे षष्ठी आडून सुचवत होती ते आता विशेषणांनी उघड सांगितले आहे. पाणिनीचा चकार येथे अचूक लागू पडतो : अनादर आहे आणि सप्तमीही आहे.

वृत्ताचा हा धागा आणखी थोडा पुढे नेला तर युद्धपर्वांतील अनादरशून्य षष्ठीचेही कोडे सुटू लागते. संजयाच्या निवेदनात ‘पश्यतः’ आणि ‘पश्यताम्’ ही रूपे चरणाच्या, विशेषतः सम चरणाच्या, अखेरीस वारंवार येतात. तुझा पुत्र पाहत असताना, सारे लोक पाहत असताना, सारे राजे पाहत असताना अमक्याने तमक्याला मारले. सम चरणाच्या शेवटच्या तीन अक्षरांची चाल गुरू, लघू आणि मग कोणतेही अक्षर अशी असते. ‘पश्यतः’ आणि ‘पश्यताम्’ या चालीत जन्मतःच बसतात. सप्तमीचे अनेकवचन ‘पश्यत्सु’ येथे बसत नाही, कारण त्याचे दुसरे अक्षर गुरू होते. एकवचनी ‘पश्यति’ बसते, पण त्याच्या आधी येणाऱ्या नामाची अडचण होते. पाचवे अक्षर लघू हवे. ‘पुत्रस्य’, ‘लोकस्य’ यांतील अंत्य ‘स्य’ लघू आहे, तर ‘पुत्रे’, ‘लोके’ यांतील एकार गुरू. म्हणजे अकारान्त नामाची षष्ठी ‘पश्यतः’ला लगेच चिकटते, आणि सप्तमीला मध्ये एखादा ‘च’ घालावा लागतो. अनेकवचनी षष्ठीलाही तो घालावा लागतो. त्यामुळेच नाम आणि ‘पश्यताम्’ यांच्यामध्ये ‘च’ वा ‘तत्र’ असे निरुपद्रवी अव्यय पुष्कळदा सापडते. मौखिक परंपरेतील गायकाला असा तयार साचा मिळाला म्हणजे तो त्याचा मुक्तहस्ते उपयोग करणार, हे उघड आहे. साचा जितका वापरला जातो तितका त्यातील अनादर पातळ होत जातो, आणि शेवटी ‘सर्वांच्या समोर’ एवढाच अर्थ उरतो. मात्र तो पुरता कधीच नाहीसा होत नाही. ज्याला काही दिसत नाही अशा धृतराष्ट्रासमोर बसून ‘तुझा पुत्र पाहत असताना’ असे संजय पुनःपुन्हा म्हणतो, तेव्हा त्या पाहण्याचा काही उपयोग झाला नाही ही बोच त्यात राहतेच.

यावरून द्रौपदीच्या वाक्यासंबंधी एक आक्षेप संभवतो. पाहण्याच्या क्रियेला षष्ठी लावण्याची सवयच जर सूतपरंपरेच्या कानाला होती, तर ‘पश्यताम्’ची निवड मुक्त कशी? वृत्ताने मोकळीक दिली तरी सवयीने दिली नसेल. आक्षेप रास्त आहे. त्याला एवढेच उत्तर देता येते की ही सवय दोनच श्लोकांनी ‘प्रेक्षमाणेषु’ म्हणताना आड आली नाही. दुसऱ्या धातूचा आश्रय घेऊन कवी सप्तमीकडे सहज वळला. सवय होती, सक्ती नव्हती. आणि साच्यातले पद असले तरी नात्यांच्या त्या मालिकेनंतर, ‘महिषी’ या शब्दाशी नुकत्याच जोडल्या गेलेल्या ‘पाण्डुपुत्राणाम्’बरोबर ते आले म्हणजे त्याचे बोथटलेपण जाते. साच्यातील पदांचा अर्थ ठरवताना ती पदे किती वेळा आली याबरोबरच ती कोणाच्या तोंडी आणि कशाच्या शेजारी आली हेही मोजले पाहिजे.

अन्वय लावताना होणाऱ्या आणखी एका घोटाळ्याचा उल्लेख येथेच करणे सोयीचे. या रचनांतील धातुसाधितांची काही रूपे आख्यातांशी तंतोतंत जुळतात. ‘जीवति’ हे ‘जीवत्’चे सप्तमी एकवचन आहे, तसेच ते ‘तो जगतो’ हे वर्तमानकाळाचे रूपही आहे. ‘पश्यतः’ ही षष्ठी आहे, आणि ‘ते दोघे पाहतात’ हाही त्याचा अर्थ होतो. ‘पश्यताम्’ हे ‘त्या दोघांनी पाहावे’ असे आज्ञार्थी द्विवचनही असू शकते. घाईने वाचणारा ‘केशव जगतो’ असा अर्थ घेतो आणि ‘त्वयि’चे काय करावे हे त्याला कळत नाही. अशा वेळी धातुसाधिताकडे न पाहता आधी त्याच्या सोबतचे नाम वा सर्वनाम पाहावे. रूपाचा निर्णय तेच करते. ‘त्वयि’ सप्तमीत आहे आणि ‘केशव’ संबोधनात, म्हणजे ‘जीवति’ला प्रथमान्त कर्ताच नाही, ते आख्यात असू शकत नाही.

मराठीत हा श्लोक उतरवताना भाषांतरकारापुढे येणारी अडचणही विभक्तीचीच आहे. मराठीने सति सप्तमीचे काम ‘-ता’, ‘-ताना’, ‘-ल्यावर’ या धातुसाधितांवर सोपवले आणि त्यांच्या कर्त्याला बहुधा प्रथमेत ठेवले : ‘तू असताना’, ‘तो गेल्यावर’. ‘पांडव पाहत असताना मला सभेत नेले’ असे भाषांतर केले तर ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण त्यात पांडवांचे पाहणे गाईंच्या दोहनाइतकेच तटस्थ होते. मूळची षष्ठी त्यात विरघळून जाते. मराठीपाशी या जागी ‘देखत’ हा शब्द आहे. ‘देख’ या धातूचे वर्तमानकालवाचक रूप शब्दयोगी अव्ययासारखे गोठून तो बनला, आणि त्याच्या आधीचे नाम षष्ठीच्या सामान्यरूपात येते : ‘आईच्या देखत’, ‘माझ्या देखत’. ‘आई पाहत असताना त्याला मारले’ आणि ‘आईच्या देखत त्याला मारले’ या दोन वाक्यांत कोणते अधिक लागते हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. दुसऱ्यात आईच्या असण्याने हात थांबायला हवा होता, हे गृहीत आहे. ‘पाण्डुपुत्राणाम्’साठी ‘पांडवांच्या देखत’ हेच योग्य.

‘त्वयि जीवति’साठी मात्र ‘तू जिवंत असूनही’ असे न म्हणता ‘तू जिवंत असताना’ एवढेच म्हणावे. ‘ही’ हे अव्यय जोडले की विरोध उच्चारला जातो, आणि सख्याला दिलेला तो अबोल दोष वाच्यार्थावर उतरतो. मूळ सप्तमीने तो तसा उतरवलेला नाही. दोन श्लोकांनंतरच्या ‘प्रेक्षमाणेषु पाण्डुषु’ला पुन्हा ‘देखत’ लावू नये. तेथे विशेषणे बोलतात, तेव्हा ‘पांडव नुसते बघत राहिले असताना’ हे पुरेसे होते. संजयाच्या निवेदनातील ‘पश्यतः’ला बहुतेक ठिकाणी ‘समोर’ हा शब्द पुरतो. प्रत्येक वधाला ‘डोळ्यांदेखत’ लावत गेल्यास भीष्म-द्रोणांच्या पतनाच्या वेळी, जेथे तो शब्द खरोखरच हवा असतो, तेथे तो ऐकू येईनासा होतो.